विनंतीराव

विनंतीरावांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर आहे, ते तिथेच राहू द्यावं. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या गल्लीत त्यांना सगळे विनंतीराव म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘साहेब’. जन्म तासगावचा, बोलणं अजून तिथलंच. टपरीवर चहा पिताना ऐकलं तर वाटेल, हा माणूस आयुष्यात कुणाला ‘आपण’ म्हणाला नसेल. ‘काय लेका, मेलास होय रे?’ ही त्यांची दोस्ताची विचारपूस. पण हाच गृहस्थ मोबाईल हातात घेतो, चष्मा धोतराच्या नसलं तरी सदऱ्याच्या टोकानं पुसतो, पाठ ताठ करतो आणि त्याच दोस्ताला लिहितो, ‘आपला संदेश प्राप्त झाला. मजकूर समजला.’

बोलणारा माणूस आणि लिहिणारा माणूस यांची एकमेकांशी ओळखच नाही.

याचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. उभी नोकरी जिल्हा परिषदेत, तीही आस्थापना शाखेत. टिपणी ठेवायची, मसुदा करायचा, ‘मान्यतेस्तव सादर’ लिहून वर पाठवायचा. सरकारी मराठीत कुणी काही करत नाही, हे तिचं खास वैशिष्ट्य. तिथे सगळं करण्यात येतं. रजा मंजूर करण्यात येते, अर्ज निकाली काढण्यात येतो, चौकशी सुरू करण्यात आलेली असते. ‘मी’ नावाचा इसम त्या वाक्यांत सापडायचा नाही, कारण सापडला तर जबाबदारही तोच धरला जाईल. पस्तिशीच्या आत असलेल्या माणसाला ही सवय लागली की ती निवृत्तीच्या नारळाबरोबर परत करता येत नाही. त्याआधी शाळेनं पाया घालून ठेवलेलाच असतो. पत्रलेखनाच्या प्रश्नात वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, आणि मायना चुकला की मार्क गेला. आतल्या मजकुरात जीव आहे की नाही, याला मार्क असल्याचं आठवत नाही.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. एवढ्या कोरडेपणानं काम अडतं हे सरकारलाही कळलं होतं, म्हणून अर्धशासकीय पत्र नावाचा प्रकार आहे. त्यात ‘प्रिय श्री. अमुक’ अशी नावानिशी सुरुवात करता येते आणि शेवटी ‘आपला’ म्हणून सही. विनंतीराव मैत्रीच्या जिन्यावरून त्या पायरीपर्यंत उतरले आहेत. त्याच्या खाली पायरी असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

त्यांचा हा जिवलग दोस्त म्हणजे बंडोपंत. तासगावात द्राक्षबाग, बेदाण्याचा धंदा. दोघांची मैत्री शाळेच्या बाकापासूनची. बंडोपंतांचा लिहिण्याशी संबंध वजनकाट्याच्या पावतीपुरता, त्यामुळे त्यांचे संदेश दोन शब्दांच्या वर जात नाहीत. ‘आहेस का’, ‘ये की’, ‘जेवला?’ प्रश्नचिन्ह आलं तर समजायचं की स्वारी निवांत आहे. अशा माणसाला गेल्या वाढदिवसाला विनंतीरावांनी लिहिलं, ‘वाढदिवसानिमित्त आपणांस दीर्घायुरारोग्य लाभो, ही ईश्वरचरणी प्रार्थना. कळावे, लोभ असावा.’ बंडोपंतांनी ते वाचलं आणि महिनाभर फोन केला नाही. मग एक दिवस थेट स्कूटरवरून दारात. ‘काय चुकलं माझं, तेवढं सांग. माझ्या पोराच्या लग्नात तुझ्या मानपानाचं काही राहिलं का?’

बंडोपंत अजिबात वेडे नाहीत. जवळचा माणूस एकाएकी नीट बोलायला लागला की काहीतरी बिनसलंय, हा मराठी घराघरांतला रोकडा अनुभव आहे. विनंतीरावांच्याच घरात बघा. वहिनी त्यांना ‘अहो’ म्हणतात ते रोजचं, पण ज्या दिवशी ‘आपण जेवून घ्यावं’ असं ऐकू येतं, त्या दिवशी शेजारीपाजारी टीव्हीचा आवाज कमी करतात. लांबच्या माणसाशी औपचारिक भाषा म्हणजे आदर. जवळच्या माणसाशी तीच भाषा म्हणजे राग, नाहीतर काहीतरी लपवाछपवी. विनंतीरावांचा राग नव्हता. पण लपवाछपवीबद्दल मला तेवढी खात्री देता येत नाही.

ऑक्टोबरात त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ठरलं. मिरजेच्या दवाखान्यात. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि फोन पुढे करून म्हणाले, ‘जरा मसुदा नजरेखालून घालता का?’ मी मुद्रितशोधनाची कामं करतो, म्हणून गल्लीतली लग्नपत्रिका, वर्षश्राद्धाची जाहिरात आणि असले मसुदे माझ्याकडे येतात. मसुदा असा होता:

‘प्रिय बंडोपंत, सप्रेम नमस्कार. कळविण्यात येते की, माझ्या उजव्या डोळ्यावरील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गुरुवार रोजी सकाळी 9 वाजता मिरज येथे नियोजित आहे. सदर प्रसंगी सोबत एक व्यक्ती असणे आवश्यक असल्याचे सूचित करण्यात आले आहे. तरी आपणांस शक्य असल्यास उपस्थित राहण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती. सहकार्याबद्दल आगाऊ आभार. कळावे. आपला.’

खाली हात जोडलेलं चिन्ह. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर ते मुख्यत्वे कुणी गेल्याच्या बातमीखाली येतं.

वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, ‘हे वाचून बंडोपंत हार घेऊन येतील.’ (आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, आणि वहिनींचा कान चांगला आहे.)

मसुदा दोस्ताला जड झालाय का, हे ओळखायची माझी रीत सोपी आहे. वरचं नाव झाकायचं आणि विचारायचं, हाच मजकूर महापालिकेच्या अभियंत्याला पाठवला तर चालेल का? विनंतीरावांनी मान डोलावली. ‘उत्तम चालेल.’ त्यांना ती तारीफ वाटली. पण दोस्ताला लिहिलेलं अभियंत्याला चालत असेल तर त्यात दोस्त कुठेच नाही. मग मी त्यांना म्हटलं, ‘समजा फोन लागला आणि बंडोपंतांनी उचलला. बोला.’ त्यांनी खरोखरच हात कानाला लावला. ‘अरे, गुरुवारी मिरजेला चल की माझ्याबरोबर. डोळ्याचं हाय.’

म्हटलं, ‘हेच लिहा.’

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी सहीशिवाय बिल पास करायला सांगितलंय. ‘असं कसं लिहिता येईल? हे बोलणं झालं.’

अडचण नेमकी इथे आहे. मजकूर त्यांच्या तोंडात तयार होता. अडत होतं ते त्याला कागदावर यायला परवानगी देण्यावर.

त्या रात्री काम तिथेच थांबलं, आणि मध्ये त्यांचा पुतण्या शिरला. पुतण्या कॉलेजात. ‘काका, तुमचं काहीही असतं, द्या इकडे,’ म्हणून त्यानं फोन घेतला आणि काकांच्या वतीनं परस्पर पाठवून दिलं, ‘भावा, डोळ्याचं ऑपरेशन आहे. येतोयस ना? लोड नको घेऊस.’ दहा मिनिटांत बंडोपंतांचा फोन आला, तोही वहिनींच्या नंबरवर. ‘त्याचा मोबाईल चोरीला गेलाय काय?’ पुढचा प्रश्न, ‘ऑपरेशन कधी हाय?’ कारण सैल करण्याच्या नादात पुतण्यानं वार, वेळ आणि गाव तिन्ही सांडून टाकलं होतं. दोन्ही चुका शिकण्यासारख्या आहेत. सैल भाषा म्हणजे तरुण भाषा नव्हे. ज्यानं त्यानं आपल्या तोंडातलीच सैल भाषा वापरायची. पुण्याच्या ‘रे’ला तासगावात ‘की’ भेटतो, नागपुरात ‘बे’ भेटतो, आणि साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडी ‘भावा’ आला की दोस्त थेट पोलिसांत जायचा विचार करतो. दुसरं म्हणजे, वार-वेळ-ठिकाण हे औपचारिकतेत मोडत नाही. तेवढ्यापुरता विनंतीरावांचा मसुदा पुतण्यापेक्षा सरस होता, आणि ते त्यांनी मला लगेच ऐकवलंही.

वहिनींनी बंडोपंतांना ‘ते स्वतः कळवतील’ एवढंच सांगून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मसुदा घेऊन बसलो.

पहिल्यांदा ‘कळविण्यात येते की’ आणि ‘सदर’ गेले. त्यावर वाद झाला नाही, नुसता उसासा ऐकू आला. ‘कृपा करावी’वर मात्र ते अडले. ‘विनंती तर करायला पाहिजे ना?’ मी म्हटलं, मराठीत दोस्ताला विनंती वेगळ्या शब्दानं करत नाहीत, क्रियापदाच्या शेपटीनं करतात. ‘चल’ म्हटलं तर हुकूम, ‘चल की’ म्हटलं तर गळ, ‘चल ना’ म्हटलं तर लाडीगोडी. ‘कृपया’ हा शब्द स्टेशनवरच्या बाईला शोभतो, कारण तिला प्रवाशांपैकी कुणीच ओळखत नाही. तासगावकराला ‘की’ पुरतो. त्यांनी ‘चल की’ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

मग शब्दांची जागा. लिहिताना आपण क्रियापद शेवटी नेऊन ठेवतो, आधी सगळी पार्श्वभूमी, मग कारण, मग ‘तरी’, आणि ‘तरी’च्या नंतर मुद्दा. कचेरीत ते बरोबर आहे, साहेबाला सहीच्या आधी कारण लागतं. बोलताना आपण उलटं करतो. मागणं आधी टाकतो आणि राहिलेलं मागून जोडतो, क्रियापदाच्याही पलीकडे: ‘चल की माझ्याबरोबर’. व्याकरणाच्या पुस्तकातला क्रम ‘माझ्याबरोबर चल’ असा असेल, पण मागून आलेल्या त्या ‘माझ्याबरोबर’मध्ये माणूस बोलत असल्याचा आवाज आहे. एखाद्या मसुद्यात सुधारणा करायला वेळ नसेल, एकच बदल करता येणार असेल, तर मी हा करतो: ‘तरी’च्या नंतरचं वाक्य उचलून सगळ्यात वर नेऊन ठेवतो. निम्मं काम तिथे होतं.

‘नियोजित आहे’चं त्यांनी स्वतःहून ‘ठरले आहे’ केलं आणि शाबासकीसाठी थांबले. मी म्हटलं, ‘ठरलंय’. ते दचकले. टिंबं देणं म्हणजे अशुद्ध, असा त्यांचा समज. तसं नाही, बोलण्यातलं ‘असं’, ‘केलं’ लिहिताना टिंब द्यायची मुभा साहित्य महामंडळाच्या नियमांतच आहे. नियमात आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पुढे त्यांनी जिथे दिसेल तिथे टिंब द्यायला सुरुवात केली, ते ‘मिरजेंला’ झाल्यावर थांबवलं.

सगळ्यात जास्त वेळ ‘शक्य असल्यास’वर गेला. तो शब्द काढा म्हटलं तर ते गप्प बसले. बराच वेळ. मग म्हणाले, ‘छाटणीचे दिवस आहेत हो.’

तेव्हा कुठे मला त्या मसुद्याचा अर्थ लागला. ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी असते. मजूर मिळतील तेव्हा धरायचे, छाटलेल्या काड्यांना लगोलग पेस्ट लावायची, वरून अवकाळी पावसाची धास्ती. या दिवसांत बागायतदाराचा अख्खा दिवस मागणं म्हणजे साधी गोष्ट नाही. विनंतीरावांना ते पुरतं माहीत होतं. मोतीबिंदूचं काम तसं अर्ध्या तासाच्या आतलं, त्याच दिवशी घरी सोडतात. पण डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात, नंतर पट्टी, म्हणून बरोबर माणूस लागतो. तो पुतण्याही चालला असता. विनंतीरावांना बंडोपंतच हवे होते, आणि ‘मला भीती वाटते, तू ये’ हे त्यांना म्हणता येत नव्हतं. ते ‘सोबत एक व्यक्ती असणे आवश्यक’ या वाक्याच्या मागे जाऊन उभे राहिले होते. माझा अनुभव असा की दोस्ताला लिहिलेल्या बहुतेक जड मसुद्यांत असलंच काहीतरी दडलेलं असतं: पैसे मागायचेत, माफी मागायचीय, नाहीतर गरज आहे आणि ती सांगायची लाज वाटतेय. नुसते शब्द बदलून असा मसुदा सैल होत नाही.

म्हणून ‘शक्य असल्यास’ नुसतं काढून भागणार नव्हतं. दोस्ताला नाही म्हणायची वाट ठेवायलाच हवी होती. पण ‘शक्य असल्यास’ ही कुणालाही दाखवायची वाट आहे, त्यातून बंडोपंतांना एवढंच कळलं असतं की याला मी आलो काय न आलो काय, सारखंच. मी विचारलं, ‘नाही जमलं त्यांना, तर कुणाला न्याल?’ ‘पुतण्याला.’ ‘आणि त्यांना का जमणार नाही?’ ‘छाटणी.’ ‘मग हेच दोन शब्द लिहा.’ ‘येतोस ना?’ लिहू का, असंही त्यांनी विचारलं. ‘ना’मध्ये येणं गृहीत धरलंय, ‘का’मध्ये मोकळीक आहे, मीठ-मिरची मागायला ‘ना’ ठीक, छाटणीच्या हंगामातला दिवस मागायला नको. शेवटी दोन्ही गेले.

‘आगाऊ आभार’ काढताना मात्र त्यांनी मागे फिरून पाहिलं. ‘एवढा दिवस मोडून येणार, त्याचं काहीच नको?’ बंडोपंतांसारख्या माणसाचे आभार मानले तर तो ‘आभार कसले मानतोस, मी काय परका हाय?’ म्हणून भांडायला बसतो, आणि आगाऊ मानले तर तो बांधून घातल्यासारखा होतो. मी म्हटलं, येताना भडंग घेऊन द्या. ते म्हणाले, ते तर घेणारच होतो. हात जोडलेलं चिन्ह वहिनींनी भिंतीपलीकडून काढायला लावलं.

नमस्कार, ‘कळावे’, ‘आपला’ हे सगळं आपोआप गळालं. उरलं ते एवढं:

‘गुरुवारी मिरजेला चल की माझ्याबरोबर. मोतीबिंदू काढायचं ठरलंय, सकाळी 9 ला बोलवलंय. कुणीतरी बरोबर लागतंय. छाटणी जोरात असेल तर सांग, पुतण्याला नेतो.’

त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटच्या वाक्यापुढे ‘तरी कळवावे’ घालायला अंगठा गेला होता, मी धरला. मग डोळे मिटून पाठवलं, म्हणजे मोतीबिंदूचा डोळा उघडाच होता.

मी एक गोष्ट त्यांना सांगितली होती, ती इथेही सांगून ठेवतो. हे सगळं दोस्तापुरतं. दवाखान्याला लिहायचं तर त्यांचा पहिला मसुदाच चांगला. आणि दोस्ताच्या घरी कुणी गेलं असेल तर सैल करायच्या फंदातही पडू नये, ‘ऐकलं. निघालोय.’ एवढं लिहावं आणि निघावं.

बंडोपंतांचं उत्तर पाच मिनिटांत आलं. त्यांच्या हिशेबानं ते दीर्घपत्र होतं. ‘पुतण्या कशाला, तो मोबाईल बघत बसंल. छाटणी पोरगा बघतोय. येतो. डबा आणू काय?’

विनंतीराव खूप वेळ काही बोलले नाहीत. वहिनी भिंतीपलीकडून ‘काय म्हणाले?’ विचारत राहिल्या. मग त्यांनी आपणहून, माझ्याकडे न बघता, फोन उचलला आणि उत्तर टाईप केलं. मला वाटलं, गाडी रुळावर आली. मी मुद्दाम डोकावलो नाही. पाठवून झाल्यावर त्यांनी समाधानानं फोन माझ्यापुढे धरला.

‘संदेश मिळाला. डब्याबाबत होकार समजावा.’

खाली बंडोपंतांचं उत्तर येऊन पडलंच होतं. ‘बरं. जावक नंबर घालून धाड, चपात्या किती ते पण लिही.’